गाळ्याचा भाडेपट्टा करताना: मुदत, भाडेवाढ, फर्निचर आणि बाहेर पडण्याच्या अटी

"वकीलसाहेब, ते नेहमीचं लिव्ह-लायसन करून टाका, कशाला एवढं लांबवायचं?" गाळ्याचे मालक काका हे म्हणाले तेव्हा केकचं दुकान टाकू पाहणाऱ्या ताईंच्या हातात सुताराचं कोटेशन होतं. ओव्हन, डिस्प्ले काउंटर, थ्री फेजची वायरिंग, धुराडं, फरशी, सगळं मिळून 14 लाख. गाळा नाशिकमधला, तळमजल्यावरचा, 450 चौरस फुटांचा. भाडं महिना 40,000 आणि डिपॉझिट सहा महिन्यांचं, म्हणजे 2,40,000. आकडे इथे सोयीसाठी गोल केले आहेत. पुढचं सगळं याच गाळ्याला धरून सांगतो, म्हणजे कलमं हवेत राहणार नाहीत.

आधी ठरवा: लायसन्स की पट्टा

महाराष्ट्रात दुकान भाड्याने देताना मुदत, वाढ आणि ताबा यांतला प्रत्येक प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये जागा वापरायची नुसती परवानगी असते, जागेत हक्क निर्माण होत नाही. पट्ट्यात ठरलेल्या काळासाठी जागेचा उपभोग घेण्याचा हक्क भाडेकरूकडे जातो. शिवाय भाडेकरू साधा दुकानदार असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू होतो. त्यातून सुटतात त्या बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या.

मालकाने हे नीट समजून घ्यावं. या कायद्याखालच्या भाडेकरूला "नऊ वर्षं झाली, आता निघा" एवढ्यावर बाहेर काढता येत नाही. थकबाकी, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची स्वतःची खरी गरज असं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. काकांना मी हे पहिल्याच बैठकीत सांगितलं. ते दोन दिवस विचार करायला घरी गेले.

लायसन्सने सगळं सुटतं असंही नाही. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन झटपट ताबा मिळवायची सोय कलम 24 मध्ये आहे, पण ती फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला. दुकानाच्या लायसन्सला ती लागू नाही, तिथे कोर्टाचाच रस्ता धरावा लागतो. कित्येक मालकांना हे लायसन्सधारक अडून बसल्यावरच कळतं.

ताईंची अडचण वेगळी होती. 60 महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्क अगदी कमी, एकूण रकमेच्या 0.25 टक्के. या गाळ्याचं हिशेबाने पाहा: पाच वर्षांचं भाडं 24 लाख, त्यात डिपॉझिटवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 1,20,000, आणि या 25,20,000 वर शुल्क 6,300 रुपये. (भाडेवाढ धरली की थोडं वाढेल.) स्वस्त आहे, पण 14 लाख घालून पाच वर्षांत उठायचं म्हटलं तर नुसत्या फर्निचरचे महिन्याला 23,000 पडतात, भाड्याच्या निम्म्याहून जास्त. नऊ वर्षांवर तोच खर्च 13,000 च्या आत येतो. "पाच वर्षांसाठी मी एवढं काम करणारच नाही," असं ताईंनी स्पष्ट सांगितलं. गाळा आठ महिने रिकामा होता. काका पट्ट्याला तयार झाले.

मुदत लिहिताना

पट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असला की तो नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर नऊ वर्षांची मुदत, लॉक-इन म्हणजे मध्येच निघता न येणारा काळ, वाढीचा तक्ता, यांतलं काहीच त्या कागदावरून कोर्टात सिद्ध करता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर शिक्षेची तरतूद आहेच, शिवाय अटींबद्दल वाद झाला की उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे सादर करायचा.

मुद्रांक शुल्काच्या पायऱ्या मुदतीवर चढतात. पट्टा पाच वर्षांपर्यंतचा असेल तर बाजारमूल्याच्या 10 टक्क्यांवर, पाच ते दहा वर्षांना 25 टक्क्यांवर आणि दहा ते एकोणतीस वर्षांना 50 टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं. गाळ्याचं रेडी रेकनरप्रमाणे मूल्य 60 लाख धरलं तर नऊ वर्षांसाठी 15 लाखांवर, मूळ 5 टक्के दराने 75,000. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी.

इथे ताईंनी एक चांगला प्रश्न विचारला: "नऊ वर्षांनंतर अजून तीन वर्षं वाढवायचा पर्याय लिहून ठेवला तर?" लिहिता येतो, पण नूतनीकरणाचा काळ दस्तात नेमका लिहिला की तो याच पट्ट्याच्या मुदतीत मोजतात. नऊ अधिक तीन म्हणजे बारा. मग शुल्क 25 वरून 50 टक्क्यांच्या पायरीवर जाऊन 75,000 चे दीड लाख होतात. त्यांनी पर्याय सोडला. शुल्क कोण भरणार हे दस्तात लिहा. न लिहिल्यास कायद्याने ते भाडेकरूवर येतं. आमच्याकडे निम्मं-निम्मं ठरलं.

मुदतीच्या कलमात तीन तारखा वेगवेगळ्या लिहायच्या: ताबा कधी, भाडं कधीपासून आणि पट्टा कधी संपणार. ताबा 1 जूनला, कामासाठी 45 दिवस बिनभाड्याचे, भाडं 16 जुलैपासून. आता पहिली वाढ 1 जूनपासून तीन वर्षांनी की 16 जुलैपासून? लॉक-इन कुठून मोजायचं? "करार सुरू झाल्यापासून" एवढंच लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजू आपापली तारीख धरतात. आम्ही पट्ट्याची मुदत ताब्यापासून आणि वाढ व लॉक-इन भाडं सुरू झाल्यापासून धरलं, आणि प्रत्येक ठिकाणी महिन्या-वर्षासह तारीख लिहिली.

सहीपूर्वी काकांकडून एक कागद मागून घेतला. गाळ्यावर बँकेचं कर्ज होतं. तारण ठेवलेल्या इमारतीचा पट्टा बँकेच्या संमतीशिवाय करताना मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 65-अ प्रमाणे तीन वर्षांहून जास्त मुदत देता येत नाही, आणि गहाणखतातल्या अटी याहून कडक असू शकतात. बँकेचं ना हरकत पत्र आल्याशिवाय मी दस्ताला हात लावला नाही.

भाडेवाढ

काकांना दर तीन वर्षांनी 15 टक्के हवे होते, बाजारात तसंच चालतं म्हणून. पण भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेला कलम 11 प्रमाणे वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते, आणि प्रमाण भाडं व परवानगी असलेली वाढ यांच्या वर मागणं कलम 10 मध्ये बेकायदा आहे. तीन वर्षांची 12 टक्के होते. 15 लिहून सही झाली तरी पाच वर्षांनी भाडेकरूने वाद काढला तर मालकाची बाजू लंगडी पडते. भाडेकरू एक कोटी भांडवलाची कंपनी असती तर 15 लिहायला हरकत नव्हती. दुसऱ्याचा नमुना उतरवून घेताना नेमकी हीच चूक होते, कारण इंटरनेटवर फिरणारे बरेच नमुने मोठ्या कंपन्यांच्या दुकानांसाठी केलेले असतात.

गाळा 1987 नंतर पहिल्यांदा भाड्याने गेला असेल तर ज्या भाड्याने तो पहिल्यांदा गेला तेच साधारणपणे प्रमाण भाडं धरतात. म्हणून याआधी तो कोणाला आणि किती भाड्याने दिला होता हे विचारा आणि उत्तर दस्तात लिहून घ्या. काकांनी तो आधी कधीच दिला नव्हता, तिथे त्यांच्या भावाचं स्टेशनरीचं दुकान होतं. त्यामुळे 40,000 हीच सुरुवात.

आता शब्दांकडे या. "दर तीन वर्षांनी भाड्यात 12 टक्के वाढ होईल" हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. मूळ भाड्यावर धरलं तर 40,000, 44,800, 49,600. शेवटच्या भाड्यावर धरलं तर 40,000, 44,800, 50,176. फरक महिन्याला 576 आणि शेवटच्या तीन वर्षांत 20,736. फार मोठी रक्कम नाही, पण सातव्या वर्षी 576 रुपयांवरून सुरू झालेला पत्रव्यवहार वकिलाच्या फीपर्यंत जातो. उपाय सोपा आहे: टक्केवारीखाली रकमांचा तक्ता टाका आणि "तक्ता व टक्केवारी यांत फरक आढळल्यास तक्ता ग्राह्य" असं एक वाक्य लिहा.

"दरवर्षी 4 टक्के म्हणजे तीन वर्षांनी 12, सारखंच की," असंही काका म्हणाले. सारखं नाही. तीन वर्षांनी 12 टक्के घेतले तर नऊ वर्षांत एकूण भाडं 48,59,136 होतं. दरवर्षी 4 टक्के घेतले तर सुमारे 50,79,700. मालकाचा फायदा जवळपास 2,20,000. काही मिनिटं मान हलवत कॅल्क्युलेटर फिरला आणि शेवटी तीन वर्षांची वाढ ठरली, त्याबदल्यात बिनभाड्याचे दिवस 60 वरून 45 झाले.

जीएसटीबद्दल एकच सांगतो. दुकानाच्या भाड्यावर 18 टक्के लागतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू असेल तर कर भाडेकरूनेच थेट भरायचा असतो. कंपोझिशन योजनेतल्या भाडेकरूंना यातून नंतर वगळलं आहे. दस्तात "भाडं करांशिवाय" किंवा "करांसहित" यांतलं एक लिहिलेलं असू द्या.

फर्निचर आणि बदल

माझ्याकडचे सर्वाधिक कडवट वाद भाड्यावरून झालेले नाहीत, भोकांवरून झाले आहेत. काही वर्षांपूर्वी एका चष्म्याच्या दुकानाचा दस्त मीच केला होता आणि त्यात "भाडेकरूस आपले फर्निचर काढून नेता येईल" एवढंच लिहिलं होतं. निघताना भाडेकरूने फॉल्स सीलिंग उतरवलं, तर वर स्लॅबला चाळीसेक अँकरची भोकं आणि एसीच्या पाइपासाठी भिंतीत हातभर खिंडार. मालक म्हणे दुरुस्त करून द्या, भाडेकरू म्हणे फर्निचर माझं, नेण्याचा हक्क माझा. दोघंही दस्तातलं तेच वाक्य दाखवत होते. चूक माझी होती.

तेव्हापासून मी तीन याद्या करतो. पहिली, निघताना भाडेकरूने न्यायच्या वस्तू: ओव्हन, काउंटर, फ्रीज, एसी, लाइट, पाटी. दुसरी, जागेवर सोडायच्या: फरशी, पायपिंग, भिंतीतली वायरिंग, सिंक. तिसरी, काढायच्या आणि मूळ स्थिती करून द्यायच्या: धुराड्याचं भोक, फॉल्स सीलिंगचे अँकर, पार्टिशनची खूण. तिसऱ्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे काय करायचं ते लिहायचं, "भोक विटेने बुजवून, प्लास्टर व एक हात रंग" इतक्या साध्या शब्दांत. सोबत कामाचा नकाशा आणि ताबा घेतानाचे तारखेसह फोटो, दोघांच्या सह्यांनी.

यादी नसेल तर काय होतं? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे भाडेकरू जमिनीला वा भिंतीला जोडलेल्या त्याच्या वस्तू ताबा सोडेपर्यंत काढून नेऊ शकतो, पण जागा मिळाली तशी ठेवून. किल्ली दिल्यानंतर हा हक्क उरत नाही. त्याच कलमात मालकाच्या संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकामाला बंदी आहे. भाडे नियंत्रण कायद्यात तर ते घर खाली करून घेण्याचं कारणच आहे. मात्र तिथे स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराडं ही कामं, जिथे लागते तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली तर, पक्कं बांधकाम मानलेली नाहीत. पोटमाळा या यादीत नाही. लोखंडी अँगल भिंतीत गाडून टाकलेला पोटमाळा म्हणजे वादाला निमंत्रण, आणि मंजूर नकाशात नसेल तर महापालिकेशीही. ताईंना तो हवा होता, मी नको म्हटलं. त्यांनी जमिनीला बोल्टने बसवलेले रॅक घेतले.

संमती मागायची पद्धतही लिहून ठेवा. आम्ही असं लिहिलं:

"परिशिष्टातील कामांना मालकाची संमती या दस्तानेच दिली आहे. त्याव्यतिरिक्त कामासाठी भाडेकरूने नकाशासह लेखी मागणी करावी. मालकाने सात दिवसांत लेखी कारणासह नकार न दिल्यास संमती दिली असे समजावे. बीम, कॉलम, स्लॅब व दर्शनी भिंत यांस हात लावणाऱ्या कामास ही तरतूद लागू नाही."

शेवटचं वाक्य मालकाच्या बाजूचं आहे आणि ते योग्यच आहे.

दोन गोष्टी मात्र मालकाच्या एकट्याच्या हातात नसतात. धुराडं सोसायटीच्या भिंतीवरून गच्चीवर जाणार असेल तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. विजेचा मंजूर भार वाढवायचा असेल तर मीटर मालकाच्या नावावर असल्यामुळे महावितरणकडे त्यांच्या सहीचा अर्ज लागतो. अर्ज कोण करणार, वाढीव अनामत कोण भरणार आणि ती परत कोणाला मिळणार, हे लिहा. या दोन परवानग्या अडल्या तर बिनभाड्याचे दिवस तितके पुढे सरकतील असंही आम्ही घातलं. सोसायटीला बारा दिवस लागले, भाडं 28 जुलैला सुरू झालं. वाढीच्या तक्त्याखाली नवी तारीख टाकून पुरवणी दस्त तेव्हाच केला.

बाहेर पडण्याच्या अटी

ठरावीक मुदतीच्या पट्ट्यात मध्येच निघण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. 15 दिवसांच्या नोटिशीचं जे ऐकलेलं असतं ते महिनेवारी भाड्याला, नऊ वर्षांच्या पट्ट्याला नाही. दस्तात निघण्याचं कलम नसेल तर भाडेकरू पूर्ण मुदत बांधलेला राहतो. म्हणून ताईंसाठी पहिलं कलम हे: पहिले 36 महिने लॉक-इन, त्यानंतर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन केव्हाही निघता येईल. मालकाला मात्र पूर्ण नऊ वर्षं, दस्तातली अट मोडल्याशिवाय, पट्टा संपवता येणार नाही. गाळा विकला तरी घेणाऱ्यावर पट्टा बंधनकारक राहतो. कायद्यात तसंच आहे, तरी लिहिलेलं बरं.

लॉक-इनमध्येच धंदा बसला तर? "उरलेलं सगळं भाडं द्यावं लागेल" असं सरसकट लिहितात. विसाव्या महिन्यात निघाल्यास उरलेले 16 महिने म्हणजे 6,40,000. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते. त्यामुळे मालकालाही ती सगळी मिळेलच असं नाही. मग वाजवी काय ते आधीच ठरवावं. आम्ही उरलेलं भाडं किंवा चार महिन्यांचं भाडं, यांत जे कमी ते ठेवलं. विसाव्या महिन्याला 1,60,000, डिपॉझिटमधून वळते. नवा भाडेकरू मिळवायला लागणारा काळ साधारण एवढाच.

उलट बाजूने इमारत पुनर्विकासाला गेली किंवा मालकाच्या चुकीने पट्टा मोडला तर ताईंचं काय? दुसऱ्या यादीतल्या, जागेवर राहणाऱ्या कामांचा खर्च 6 लाख होता. तो 72 महिन्यांत सारखा संपतो असं धरलं, म्हणजे महिन्याला 8,333. तिसाव्या महिन्यात पट्टा मोडला तर उरलेल्या 42 महिन्यांचे 3,50,000 मालकाने द्यायचे. 72 महिन्यांनंतर शून्य. बिलांच्या प्रती परिशिष्टाला जोडल्या, नाहीतर 6 लाखांवरच वाद होतो.

थकबाकीचं कलम काकांनी आणलेल्या नमुन्यात होतं: "एक महिना भाडं थकल्यास ताबा तात्काळ द्यावा." भाडे नियंत्रणाखाली हे चालत नाही. लेखी मागणीची नोटीस देऊन 90 दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही, आणि समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी 15 टक्के साध्या व्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरली तर थकबाकीवरून ताबा मिळत नाही. म्हणून काकांसाठी खरी सुरक्षितता डिपॉझिट हीच. सहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायचं कारण तेच.

राहिला निघण्याचा दिवस. नोटीस स्पीड पोस्टाने, पोच जपून. व्हॉट्सअॅप चालेल की नाही ते दस्तातच लिहा. तीस दिवस आधी दोघांनी मिळून जागा पाहायची आणि तिसऱ्या यादीत काय बाकी आहे त्यावर सही करायची, नंतर नवीन मागणी काढायची नाही. मुदतीआधी निघत असाल तर समर्पणपत्र करून तेही नोंदवा, नाहीतर इंडेक्स-2 वर तुमचाच पट्टा दिसत राहतो आणि मालकाला पुढचा भाडेकरू किंवा बँक अडवते. मुदत संपूनही भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडं घेतलं तर महिनेवारी भाडेपट्टा सुरू झाला असं धरतात. तसं नको असेल तर मालकाने पावतीवर "भाडं" हा शब्द लिहू नये आणि त्याच आठवड्यात नोटीस द्यावी.

डिपॉझिट "एक महिन्यात परत" असं असेल तर भाडेकरूने सही करू नये. आमच्या दस्तात किल्ली आणि पैसे एकाच वेळी, एकाच टेबलावर. मीटरचं रीडिंग फोटोसह टिपायचं, शेवटचं वीजबिल यायला वेळ लागतो म्हणून 10,000 रुपये बाजूला ठेवून उरलेले 2,30,000 लगेच आरटीजीएसने. पैसे आले नाहीत तर किल्ली ताईंकडे राहील, त्या दिवसांचं भाडं लागणार नाही आणि 2,30,000 वर दरसाल 12 टक्के व्याज चढेल. काकांना यातलं व्याज खटकलं. मग त्यांच्या मुलाने ते कलम परत वाचलं आणि "दिले की लागणारच नाही" म्हणून खाली सही केली.